माल कमी आल्याचे कळवण्याची बिनचूक रीत

गोदामात आलेला माल आणि पॅकिंग लिस्ट यांचा मेळ बसला नाही, तर ते वरच्या कार्यालयाला कसे कळवावे, याबद्दल आपल्याकडे फार गोंधळ आहे, असे काही लोकांना उगीचच वाटते. प्रत्यक्षात मराठवाड्यातल्या बहुतेक गोदामांमध्ये यासाठी एक पक्की रीत रुळलेली आहे. नांदेडच्या आमच्या शाखेने ती नुकतीच इतक्या निष्ठेने पाळली की, जालन्यात बसून पुरवठादाराशी हिशेब मिटवण्याचे काम करणाऱ्या मला ती लिहून ठेवणे भाग पडले. आमचा व्यवहार ठिबकच्या सामानाचा असला तरी ही रीत कोणत्याही मालाला चालते.

पहिली गोष्ट, गाडी लागली की पॅकिंग लिस्ट शोधत बसू नये. ती बीजकाला टाचलेली असते, बीजक चालकाच्या पाकिटात असते आणि चालक चहाला गेलेला असतो. आपण फक्त पेट्या मोजाव्यात. आमच्या गाडीत यादीप्रमाणे 64 पेट्या हव्या होत्या आणि हमालांनी 64 पेट्याच उतरवल्या. वरातीत माणसे पुरेशी भरली की नवरदेव कोण आहे हे पाहण्याची गरज उरत नाही, या न्यायाने पोचपावतीवर ‘माल बरोबर मिळाला’ असे लिहून, शिक्का मारून गाडी मोकळी केली गेली.

वास्तविक तिथे लिहायला हवे होते ‘64 पेट्या सीलबंद मिळाल्या, आतील माल तपासलेला नाही’. एवढी ओळ लिहिली असती तर ती खरीही ठरली असती आणि पुढे कामीही आली असती. पण शिक्क्यावर ‘बरोबर मिळाला’ एवढेच कोरलेले आहे, त्याला कोण काय करणार?

दुसरी गोष्ट, जीआरएन म्हणजे आलेल्या मालाची आवक नोंद करताना मालाकडे पाहू नये, यादीकडे पाहावे. यादीत 63 मिलिमीटरच्या बॉल व्हॉल्व्हच्या 30 पेट्या, प्रत्येकीत 12 म्हणजे 360 नग होते. 50 मिलिमीटरच्या 14 पेट्या, प्रत्येकीत 20 म्हणजे 280 नग होते. उरलेल्या 20 पेट्यांमध्ये एकेक स्क्रीन फिल्टर होता. हे आकडे जसेच्या तसे संगणकात चढवले की नोंद यादीशी तंतोतंत जुळते, कारण ती यादीवरूनच केलेली असते. अशा जीआरएनमध्ये तफावत कधीच सापडत नाही, हा या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण आहे.

पॅकिंग लिस्टवर एकूण वजनाचाही एक रकाना असतो. तो शोभेसाठी छापलेला आहे असे समजावे. आमच्या यादीत 63 च्या पेटीचे वजन 10.4 किलो आणि 50 च्या पेटीचे 11.2 किलो दिलेले होते. त्यातल्या 27 ते 30 क्रमांकाच्या चार पेट्यांवर बाहेरून 63 चे लेबल होते आणि आत 50 चे व्हॉल्व्ह भरलेले होते. चार पेट्यांचा फरक जेमतेम सव्वातीन किलोचा, म्हणजे भरलेली गाडी धर्मकाट्यावर घातली तरी तो दिसणार नाही. पण गोदामातल्या लहान काट्यावर यातली एकच पेटी ठेवली असती, तर 10.4 च्या जागी 11.2 दिसले असते आणि पेटी न उघडताच सारे कळले असते. तो काटा आमच्या नांदेडच्या गोदामात आहे. सध्या त्यावर पाण्याचा जार ठेवलेला आहे.

तिसरी गोष्ट, रिकाम्या पेट्या ताबडतोब भंगारात घालाव्यात.

चौथी गोष्ट म्हणजे वाट पाहणे. माल आला त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तफावत कळवणे हे उतावळेपणाचे लक्षण आहे. पेरणीपूर्वीची गडबड सुरू होऊ द्यावी, 63 च्या व्हॉल्व्हचे बिल फाडलेला शेतकरी जीप घेऊन दारात येऊ द्यावा, संगणक शिल्लक दाखवत असताना रॅक रिकामा आहे हे त्याच्यासमोर उघड होऊ द्यावे आणि मगच कमी मालाचा विषय काढावा. तोवर बीजकाच्या मागे बारीक अक्षरांत छापलेली तक्रारीची मुदत उलटून गेलेली असते. माल विक्री कायदा, 1930 याच्या कलम 42 प्रमाणे, रास्त मुदत उलटेपर्यंत माल नाकारल्याचे न कळवता जो तो ठेवून घेतो, त्याने तो स्वीकारला असे धरले जाते. पण कायदा पुरवठादारांनी वाचावा, आपल्याला तेवढा वेळ कुठे आहे?

आता प्रत्यक्ष कळवण्याकडे येऊ. शनिवारी संध्याकाळी, कार्यालय बंद होण्याच्या बेतात असताना, मोबाइलवर एक ओळ पाठवावी. आमच्या शाखेतून आलेली ओळ आदर्श होती: ‘साहेब, 48 व्हॉल्व्ह कमी आलेत, बघा.’ सोबत रॅकचा फोटो होता. त्यात ट्यूबलाइटचा उजेड आणि कोणाचा तरी अंगठा स्पष्ट दिसत होता. बीजक क्रमांक, बिल्टी क्रमांक, व्हॉल्व्ह कोणत्या मापाचे, कोणत्या पेटीतले, पेटीवर काय लिहिलेले होते, आत काय निघाले, टेप कोणाची होती, यांपैकी काहीही त्यात नव्हते. मी फोन केला तेव्हा उत्तर मिळाले, ‘सांगितलं ना साहेब, कमी आलेत म्हणून.’ हे उत्तर मी नम्रपणे ऐकून घेतले, कारण तोवर मला वाटत होते की आपण एका साध्या कमतरतेबद्दल बोलत आहोत.

शाखेने दोष वाहतूकदाराला देऊन टाकला होता आणि त्याचे भाडे अडकवून ठेवले होते. वाहतूकदाराने पोचपावती पुढे केली, तिच्यावर आमचाच शिक्का होता. पेट्या 64 उतरल्या, एकही फाटलेली नव्हती, मग त्याने वाटेत कोणती पेटी फोडली, असे तो विचारत होता आणि त्याचे शब्दशः बरोबर होते. वाटेत माल काढला गेला असेल तर पेटीवर खूण राहते. कारखान्याच्या छापील टेपवर साधी खाकी टेप चढलेली असते, पट्टी सैल असते, पेटी दाबली की कोपरा आत जातो. टेप मूळची आणि शाबूत असेल, तर चूक माल भरणाऱ्याच्या हातून झालेली असण्याचीच शक्यता जास्त. नेमका हाच निवाडा टेपवरून पाच मिनिटांत झाला असता. पण पेट्या भंगारवाल्याने नेल्या होत्या, तेव्हा टेप पाहायला मी इतवाऱ्यात कोणाच्या दारात जायचे होते?

मग पुरवठादाराचे उत्तर आले. त्यांनी आपली शिल्लक मोजली होती. त्यांच्याकडे 63 चे 48 व्हॉल्व्ह जास्त निघाले होते आणि 50 चे 80 कमी निघाले होते. चार पेट्या, प्रत्येकीत 12 च्या जागी 20, हा हिशेब चौथीतल्या मुलालाही जमेल. त्यांनी एकच प्रश्न विचारला: तुमचे 48 कमी आहेत हे आम्हाला मान्य आहे, पण आमचे 80 कुठे आहेत?

आमचे 80 कुठे आहेत! मी शाखेला विचारले. बराच वेळ कोणी बोलले नाही. नंतर कळले की ते 80 व्हॉल्व्ह 50 च्या रॅकवर बाकीच्यांत मिसळून ठेवले होते आणि ही गोष्ट तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होती. ‘जास्त आलेलं कशाला सांगायचं साहेब, त्यांनी मागितलं तर देऊ.’ म्हणजे कमी आलेले तेवढे कळवायचे, जास्त आलेले खिशात ठेवायचे, आणि पुरवठादाराने मात्र आपल्या शब्दावर विश्वास ठेवून 48 नगांची क्रेडिट नोट मुकाट्याने द्यायची. जास्त निघालेला माल लपवला की कमी निघालेल्या मालाचा पुरावाच आपण लपवतो, हे कोणाच्याही डोक्यात आले नाही. ते 80 नग त्याच दिवशी कळवले असते, तर चूक पॅकिंगच्या टेबलावर झाली हे आपोआप सिद्ध झाले असते, वाहतूकदाराचे नाव मध्ये आलेच नसते, आणि पुढच्या गाडीने चार पेट्यांची अदलाबदल होऊन शेतकऱ्याला वेळेवर व्हॉल्व्ह मिळाले असते. त्याऐवजी आम्ही एका निर्दोष माणसाचे भाडे अडवले आणि पुरवठादाराच्या नजरेत चोर ठरलो. आता आमची प्रत्येक तक्रार ते दुर्बीण लावून पाहतात आणि मला त्यांच्यासमोर मान वर करता येत नाही.

यात जीएसटीचे लफडे वेगळेच. बीजक 360 आणि 280 नगांचे होते, आमच्या नोंदीही तशाच होत्या, म्हणून लेखा विभागाने सगळ्या कराची वजावट घेऊन टाकली. जो माल हातातच आला नाही त्याच्या कराची वजावट कलम 16 प्रमाणे मिळत नाही. पुरवठादाराने कलम 34 खाली 48 नगांची क्रेडिट नोट द्यायची, 80 नगांचे एकतर बीजक करायचे किंवा ते चलनावर परत न्यायचे, आणि आम्ही जीआरएन दुरुस्त करायचा, एवढ्यावर शेवटी प्रकरण थांबले. माझ्या टेबलावर मात्र त्याची फाइल वीतभर जाडीची झाली.

तर आता उपरोध पुरे झाला. गोदामात बसणाऱ्यांनो, तुम्हाला वजन करता येते, मोजता येते, मोबाइल वापरता येतो. लग्नातल्या पंगतीचे दोनशे फोटो न चुकता पाठवता, मग पेटीच्या लेबलचा एक फोटो काढताना हात का थरथरतो? पॅकिंग लिस्ट हातात आल्याशिवाय गाडी उतरवून घेऊ नका. प्रत्येक मापाच्या पाच-सहा पेट्या काट्यावर ठेवा, आणि ज्या पेटीचे वजन यादीशी जुळत नाही ती चालकासमोर उघडा. आत वेगळेच निघाले तर लेबल, टेप, आतली पॅकिंग स्लिप आणि माल एकाच फोटोत येईल असे ठेवा, पोचपावतीच्या दोन्ही प्रतींवर तसे लिहा आणि चालकाची सही घ्या. पेटी फाटलेली असेल किंवा नगच कमी निघाले असतील, तर वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते. रस्ते माल वाहतूक कायदा, 2007 याच्या कलम 16 प्रमाणे ती बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत गेली नाही, तर त्याच्यावर दावा लावता येत नाही. हे दिवस गाडी पोचल्यापासून मोजायचे नसतात, हेही ध्यानात ठेवा.

कळवताना बीजक क्रमांक, बिल्टी क्रमांक, पेटी क्रमांक, यादीत किती, हातात किती, हे चार ओळींत लिहून ईमेलने पाठवा, आणि कमीच्या शेजारी जास्तही लिहा. जीआरएन जे मोजले त्याचाच करा. प्रकरण मिटेपर्यंत त्या पेट्या आणि तो माल वेगळा, बांधून, वर चिठ्ठी लावून ठेवा. आणि काट्यावरचा तो जार आजच खाली उतरवा.