मीटिंगचा मेल असा लिहा की कोणीच अडकणार नाही

मीटिंग संपता संपता "याचा मेल कोण टाकतंय?" असा प्रश्न येतो आणि सगळे लॅपटॉप मिटायला लागतात. तुमचा मिटायचा राहिला, म्हणजे मेल तुमच्या गळ्यात पडला. हरकत नाही. नुकताच मला अशा एका मेलचा पुरेपूर लाभ झालाय, त्या जोरावर चार युक्त्या सांगतो.

पहिली म्हणजे, घाई करू नका. मीटिंग मंगळवारी ३ तारखेला झाली असेल तर मेल सोमवारी ९ तारखेला जाऊ द्या. त्याच दिवशी पाठवलात तर लोकांना सगळं आठवत असतं, आणि "असं नव्हतं ठरलं" म्हणून ते लगेच दुरुस्ती सुचवतात. सहा दिवसांनी कोणाला काय आठवतंय? तुम्ही लिहाल ते ठरलेलं.

चर्चा मात्र सविस्तर लिहा. कोणी कोणता मुद्दा मांडला, त्यावर कोणी सहमती दर्शवली, सगळं. ठरलेलं काम दुसऱ्या पानावर कुठेतरी घुसडा.

आता कामं कोणाची, हा नाजूक विषय. इथे आपली भाषा धावून येते. "दरपत्रके मागवण्यात यावीत." बघा, वाक्य पूर्ण आहे, शुद्ध आहे आणि त्यात माणूसच नाही! तरी कोणी विचारलंच, तर पुढे "टीम" लिहा. आमच्या मेलमध्ये हेच लिहिलं होतं. तीन पुरवठादारांकडून दर मागवायचे होते. मीटिंगमध्ये खरेदी विभागाचे गृहस्थ "मी बघतो" म्हणाले होते, मी माझ्या कानांनी ऐकलंय. पण मेलमध्ये त्यांच्या जागी टीम आली. ते सुटले. म्हणाले, "मला वाटलं नंतर दुसऱ्या कोणाला दिलं." मी त्यांच्या भरवशावर बसलो. अकाउंट्सच्या मॅडमनी चांगुलपणाने एका पुरवठादाराला फोन केला, आणि स्टोअर्सच्या माणसानेही चांगुलपणानेच फोन केला, त्याच पुरवठादाराला. त्याने शेवटी मला विचारलं, "साहेब, तुमच्याकडे नक्की कोण बघतंय?" काय सांगणार? टीम बघतेय! उरलेल्या दोघांना तर कोणी विचारलंच नाही. आणि दर का आले नाहीत म्हणून बोलणी कोणी खाल्ली? टीमने? टीमला बोलावून कोणी समोर उभं केलं नाही हो, मला केलं!

असो. नाव लिहायचीच वेळ आली तर दोन लिहा, मध्ये तिरकी रेघ मारून. त्या रेघेच्या फटीतून दोघंही निसटतात.

जो मीटिंगला आलाच नव्हता, त्याच्या नावावर सर्वांत किचकट काम टाका.

शेवटी पुढच्या मीटिंगची तारीख. तारीख लिहूच नका, "पुढच्या शुक्रवारी भेटू" एवढंच लिहा. आमच्याकडे ३ तारखेला ठरलेला पुढचा शुक्रवार म्हणजे १३ तारीख. पण मेल उघडला ९ तारखेला, आणि त्या दिवशी १३ म्हणजे "या शुक्रवारी", "पुढचा" झाला २०. निम्मे लोक १३ला जमले, निम्मे २०ला. मी दोन्ही दिवशी गेलो. १३ला आम्ही "बाकीचे येताहेत" म्हणत बावीस मिनिटं एकमेकांची तोंडं बघितली. २०ला पहिला प्रश्न आला, "मागच्या वेळी काय ठरलं?"

कॅलेंडरवर आमंत्रण? छे! मेलमध्ये लिहिलंय की.

अहो, पण खरंच, एक नाव लिहायला काय जातं तुमचं? मदतीला दहा जण असू देत, पण जाब ज्याला विचारायचा तो एकच लागतो, आणि त्याच्या नावापुढे त्याच्या कामाची तारीख लागते. "तिन्ही दरपत्रके, खरेदी विभागाचे अमुक, मंगळवार १० तारखेपर्यंत." हे मेलच्या सगळ्यात वर लिहा, चर्चा खाली राहू दे, नाही लिहिली तरी चालेल. जो आला नव्हता त्याला आधी फोन करून विचारा, मग नाव टाका. पुढची मीटिंग "शुक्रवार, १३ तारीख, सकाळी ११" अशी वार, तारीख आणि वेळ घालून लिहा आणि आमंत्रण तेव्हाच पाठवा, म्हणजे ज्याला जमत नाही तो तेव्हाच कळवेल. शेवटी एक ओळ टाका, "काही चुकलं असेल तर उद्या दुपारपर्यंत सांगा, नाहीतर हेच पक्कं धरतो." मग नंतर कोणाला "मला वाटलं" म्हणता येत नाही. दहा मिनिटांचं काम आहे, त्याच संध्याकाळी होतं.

आणि नावं लक्षात राहिली नाहीत असं मला सांगू नका. तासभर समोर वही उघडी ठेवून, मान डोलवत बसला होतात ना? मग लिहीत काय होतात?