सर्च क्लिअर होता, पण तूर कोणी पेरली ते कोणी विचारलंच नाही

नागपूरच्या कोर्टात दिवाणी वकिली करतो, रोज जमिनीचेच कागद हातात असतात, आणि माझ्याच आतेभावाने उमरेड रोडकडची एक एकर शेती घेतली ते मला विक्रीपत्र झाल्यावर कळलं, पेढ्याचा डबा घेऊन आला तेव्हा. आज त्या जमिनीचा निकाल त्याच्या विरोधात गेलाय, अपील चालू आहे. त्याला विचारून, नावगाव काढून लिहितोय, कारण मागच्या महिन्यातच दोन जण तोच प्रश्न घेऊन आले, की साहेब सर्च तर क्लिअर आहे, मग पेपरला नोटीस कशाला.

भावाने काय केलं ते सांगतो. सातबारा पाहिला, एकाच माणसाचं नाव. फेरफार पाहिले. दुय्यम निबंधकाकडचा ३० वर्षांचा सर्च काढला, काहीच नाही, ना गहाण ना विक्री. अडतीस लाखांत सौदा, सगळे पैसे चेकने आणि आरटीजीएसने दिले, २०२१ मध्ये विक्रीपत्र रजिस्टर. पेपरला जाहीर सूचना द्यायचं कोणीतरी काढलं होतं तर विकणारा म्हणाला, "काहून फालतूचा खर्च करता भाऊ, गावात सारे मले ओळखतेत." आणि दलाल म्हणाला की नोटीस दिली की नसलेले लोक पैसे उकळायला उभे राहतात. भाऊ गप्प बसला.

चार महिन्यांनी समन्स आला. वादी कोण, तर ती शेती कित्येक वर्षं ठेक्यानं वाहणारा माणूस. त्याच्याकडे ५०० च्या स्टॅम्पवरचं २०१९ चं इसारपत्र, किंमत तीस लाख, चार लाख दिलेले, उरलेले मोजणी झाल्यावर विक्रीपत्राच्या दिवशी द्यायचे. दावा करारपूर्तीचा, म्हणजे माझ्या नावाने विक्रीपत्र करून द्या. विकणारा प्रतिवादी क्रमांक एक आणि माझा भाऊ प्रतिवादी क्रमांक दोन.

आता हे इसारपत्र सर्चमध्ये का नाही दिसलं? कारण ते रजिस्टरच नव्हतं, आणि साध्या इसारपत्राला रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही. रजिस्टर नसलं तरी त्याच्यावर करारपूर्तीचा दावा चालतो. म्हणजे सर्च रिपोर्टमध्ये जे नाही ते अस्तित्वातच नाही असं समजणं चूक आहे, सर्च फक्त रजिस्टर झालेल्या कागदांचा असतो. मला वाटतं आपल्याकडे जमीन घेणाऱ्या निम्म्या लोकांचा गोंधळ इथेच होतो.

भाऊ म्हणाला, मला तर माहीतच नव्हतं, मी प्रामाणिक खरेदीदार आहे. बरोबर, आणि कायद्यात अशा माणसाला संरक्षण आहे. १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याचं कलम १९(ब) सांगतं की आधीचा करार नंतरच्या खरेदीदारावरही बजावता येतो, पण ज्याने मोबदला दिला, पैसे सद्भावनेने चुकते केले आणि आधीच्या कराराची ज्याला नोटीस, म्हणजे माहिती, नव्हती, तो सुटतो. हे सगळं एकत्र लागतं, एक जरी निसटलं तरी संरक्षण गेलं.

भावाने किंमत दिली, पैसे बँकेतून गेले, त्यावर वादच नव्हता. अडकला तो नोटीसवर.

नोटीस म्हणजे हातात मिळालेली चिठ्ठी एवढंच आपण समजतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ३ वाचा. प्रत्यक्ष माहीत असणं ही एक नोटीस. पण जी चौकशी करायला हवी होती ती तुम्ही मुद्दाम टाळली किंवा घोर निष्काळजीपणा केला, आणि केली असती तर कळलंच असतं, तर कायदा धरून चालतो की तुम्हाला माहीत होतं. आणि त्याच कलमात पुढे स्पष्ट लिहिलंय की जागेवर जो प्रत्यक्ष ताब्यात आहे त्याचा जो काही हक्क असेल त्याची नोटीस खरेदीदाराला आहे असं मानलं जाईल. जो काही हक्क. ठेका असेल तर ठेक्याची, इसार असेल तर इसाराचीही. राम निवास विरुद्ध बानो या २००० च्या निकालात सुप्रीम कोर्टापुढे हाच प्रश्न होता, भाडेकरू ताब्यात, त्याच्याकडे आधीचा करार, आणि नंतरच्या खरेदीदारांना वाटलं हा फक्त भाडेकरू आहे. कोर्टाने खरेदीदारांचं ऐकलं नाही, ताब्यातल्या माणसाला तुम्ही विचारायलाच हवं होतं.

माझ्या भावाची उलटतपासणी मी मागच्या बाकावर बसून ऐकली, अजून विसरलो नाही. वादीच्या वकिलाने आवाज चढवला नाही, फक्त साधे प्रश्न विचारले. शेत पाहायला गेले होते? हो, दोनदा. कोणत्या महिन्यात? दिवाळीनंतर. शेतात काय होतं? तूर होती. कोणी पेरली होती? इथे भाऊ थांबला. म्हणाला, मालकाने असेल. तुम्ही मालकाला विचारलं? नाही. शेतात कोणी होतं? एक माणूस मोटर सुरू करत होता. त्याच्याशी बोलले? नाही. तो माणूस आज कोर्टात आहे का? भावाने वळून पाहिलं, तो वादीच होता.

पुढचा प्रश्न, वर्तमानपत्रात जाहीर सूचना दिली होती? नाही. का नाही दिली? विकणाऱ्याने गरज नाही म्हटलं. संपलं. ज्याच्याकडून माल घ्यायचा त्याच्याच सांगण्यावर चौकशी सोडली, हे न्यायाधीशांनी निकालात लिहिलं.

नोटीस न देण्याने एकट्याने केस हरली असं मी म्हणणार नाही, मुख्य मार ताब्याचा होता. पण नोटीस दिली असती तर दोनपैकी एक झालं असतं. एकतर त्या ठेकेदाराने हरकत घेतली असती आणि भाऊ वाचला असता. किंवा तो वाचूनही गप्प बसला असता, तर उलटतपासणीत आम्हाला त्याला विचारता आलं असतं की खसरा नंबरासकट सूचना छापून आली, गावात पेपर येतो, तुम्ही का बोलला नाही. ते विचारायची जागाच आमच्याकडे नव्हती.

निकालाने काय होतं तेही समजून घ्या. भावाचं विक्रीपत्र सरळ रद्द होतं असं नाही. १९५३ च्या दुर्गाप्रसाद विरुद्ध दीपचंद निकालापासून हुकुमनामा असा देतात की मूळ मालकाने विक्रीपत्र करून द्यावं आणि नंतरच्या खरेदीदाराने त्यात सामील होऊन आपल्याकडचा हक्क वादीला द्यावा. म्हणजे अपिलात हरला तर भावाला स्वतः सही करून जमीन द्यावी लागेल, आणि स्वतःच्या अडतीस लाखांसाठी विकणाऱ्याच्या मागे फिरावं लागेल. आणि १ ऑक्टोबर २०१८ पासूनच्या दुरुस्तीनंतर करारपूर्ती द्यायची की नाही हे पहिल्यासारखं कोर्टाच्या विवेकावर राहिलेलं नाही, तेव्हा पैसे परत देऊन मोकळं होऊ ही आशाही कमी झाली.

आता नोटीसबद्दल खरं खरं. खाजगी खरेदीआधी पेपरला सूचना द्याच असं कोणताही कायदा म्हणत नाही, ही वकिलांची रूढ पद्धत आहे. "१५ दिवसांत हरकत न आल्यास कोणाचाही हक्क नाही असे समजले जाईल" हे छापलं म्हणून कोणाचा हक्क मरत नाही. बहिणीचा वारसा हिस्सा असेल आणि भावाने एकट्याने विकला, तर तुमची नोटीस बहिणीने वाचली नाही म्हणून तिचा हिस्सा तुमचा होत नाही, भाऊ स्वतःचा हिस्साच विकू शकतो. नोटीस दोन गोष्टी करते, लपलेला माणूस बाहेर आणते आणि तुम्ही चौकशी केल्याचा पुरावा ठेवते. आणि हरकत आली की तुम्हाला नोटीस लागली, मग मला माहीत नव्हतं म्हणता येत नाही, पुढचे पैसे तिथेच थांबवावे लागतात. म्हणून सूचना मोठी रक्कम देण्याआधी छापा. ऐंशी टक्के देऊन मग छापणारे लोक मी पाहिलेत, हरकत आली की ना मागे जाता येत ना पुढे.

सूचना तुमच्या वकिलाने द्यावी, विकणाऱ्याच्या नाही. त्यात मौजा, पटवारी हलका नंबर, खसरा नंबर, आराजी म्हणजे क्षेत्रफळ, चतुःसीमा आणि सातबाऱ्यावरच्या मालकाचं पूर्ण नाव हवं, लेआउट असेल तर प्लॉट नंबर. नुसतं "उमरेड रोडवरील एक एकर शेती" छापलेल्या सूचनेला अर्थ नाही, ती कोणाला कळू नये म्हणूनच छापलेली वाटते. आणि पेपर असा निवडा जो त्या गावात येतो. शेत ग्रामीण भागात आणि सूचना फक्त इंग्रजी पेपरात, तर ती वकीलच वाचणार. नागपूर शहरातल्या मालमत्तेला मी एका मराठी आणि एका हिंदी पेपरात देतो, कारण इथे निम्मी वस्ती हिंदी पेपर वाचते. कात्रण नका ठेवू, तारखेसकट पूर्ण पान ठेवा आणि पेपरचं बिलही.

मागच्या वर्षी हिंगण्याकडच्या एका प्लॉटची सूचना मी दिली होती, घेणारे एक शिक्षक दांपत्य. अकराव्या दिवशी साध्या पोस्टाने एक पत्र आलं, निळ्या पेनने लिहिलेलं, सोबत इसारपत्राची झेरॉक्स, तीन लाख दिलेले. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणाल्या आता प्लॉट गेला. तोपर्यंत त्यांचे फक्त एक्कावन्न हजार गेले होते. विकणाऱ्याला बोलावलं, तो आधी म्हणाला ते प्रकरण जुनं हाय, मिटलं हाय. मिटलं असेल तर मिटल्याचा कागद दाखवा म्हटलं तर नव्हता. शेवटी त्या आधीच्या माणसाला तीन लाखांचा डीडी, इसार रद्द केल्याचा लेख, आणि विक्रीपत्रात तो संमती देणार म्हणून सही करायला आला. दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात अंगठा देताना त्याने मॅडमना सांगितलं, "ताई, पेपर माह्या मुलीनं वाचला, म्हणून मी आलो. नाहीतर मी तुमच्यावर केसच टाकली असती."