नाव बदलले, पात्रता बदलली का?

राजारामपुरीतील आमच्या दहा खाटांच्या प्रसूतिगृहाची नोंदणी 1949 च्या शुश्रूषागृह कायद्याखाली दर तीन वर्षांनी नव्याने करावी लागते, आणि दर वेळी गाडी परिचारिकांच्या कागदपत्रांपाशीच अडते. प्रसूतिगृहात पात्र सुईण-परिचारिका हवीच, हा नियम रास्त आहे. माझी तक्रार त्याबद्दल नाही. आमच्या गडहिंग्लजच्या सिस्टरचे जीएनएमचे प्रमाणपत्र आणि परिचर्या परिषदेची नोंदणी माहेरच्या नावाने आहे, तर आधार कार्ड सासरच्या. पहिल्या खेपेस कार्यालयाने प्रतिज्ञापत्र मागितले, दुसऱ्या खेपेस विवाह नोंदणीचा दाखला, आणि तोही दिल्यावर परिषदेकडूनच नाव बदलून आणा, असे सांगितले. तोवर आमच्या यादीत पात्र परिचारिका एक कमी धरली गेली, जणू मंगलाष्टका संपताच त्यांचे प्रशिक्षणही संपले! वास्तविक नोंदणी क्रमांक तोच आहे, जन्मतारीख तीच आहे, आणि नूतनीकरणाची मुदतही शिल्लक आहे. ही एवढी पडताळणी परिषदेच्या नोंदीवरून करता येते. पण अर्जासोबतच्या यादीत प्रतिज्ञापत्र आणि दाखला हे दोन्ही आधीच छापले असते, तर निदान स्टँप पेपरसाठीची एक फेरी वाचली असती. मागच्या नूतनीकरणात याच सिस्टर, याच कागदांवर, पात्र ठरल्या होत्या.