चार गणितांचा गृहपाठ: एका प्रतिक्रियेला उत्तर

"चार गणितांचा गृहपाठ म्हणजे मुलांचे लाड. आम्ही रोज वीस-वीस गणितं सोडवली, म्हणून हात बसला. उद्दिष्टबिद्दिष्ट टाचणवहीत शोभतं."

हात बसतो हे खरंच. पण चुकीचाही बसतो, आणि ते मी स्वतःच घडवून आणलं होतं. त्या दिवशी वर्गात भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज शिकवली आणि घरी अख्खा उदाहरणसंग्रह दिला. दुसऱ्या दिवशी एका वहीत पहिलंच उत्तर होतं १/२ + १/३ = २/५. अंशात अंश, छेदात छेद. पुढची अकराही तशीच, सुवाच्य अक्षरात! शिवाय त्या संग्रहात वजाबाकी होती, पूर्णांकयुक्त अपूर्णांकही होते. त्यातलं निम्मं मी अजून शिकवलंच नव्हतं.

आता त्याच दिवसासाठी देते ते असं. पहिलं १/४ + १/२, इथे एकच छेद बदलावा लागतो. मग २/३ + १/५, इथे दोन्ही. तिसरं १/६ + ३/४, कारण इथे छेदांचा सरळ गुणाकार केला तर २४ येतात, पण १२ वर काम भागतं. कोणाला लसावि सुचला ते लगेच दिसतं. चौथं म्हणजे तेच चुकीचं २/५ सोडवून दिलेलं, आणि प्रश्न: 'हे उत्तर बरोबर असणं शक्य आहे का?' २/५ तर १/२ पेक्षाही लहान आहे. बेरीज केली आणि कमी झालं? एवढं एका ओळीत लिहिता आलं की त्या दिवसाचं उद्दिष्ट पोचलं.

वेळेचं म्हणाल तर माझ्या घड्याळाला अर्थ नाही, मी ही चार गणितं तीन मिनिटांत उरकते. म्हणून तसंच एक गणित वर्गात सोडवायला देऊन पाहिलं. चटपटीत मुलांना दोन मिनिटं लागली, सावकाश करणाऱ्यांना पाच. हिशेब या पाचांवर करायचा, म्हणजे चार गणितांची वीस मिनिटं. मुलं समासात सुरुवातीची वेळ लिहितात; वीस मिनिटं झाली की जिथे असतील तिथे आडवी रेघ मारून वही बंद. पालकांनी उरलेलं पुरं करून द्यायचं नाही. (काही देतातच. अक्षरावरून कळतं.) बऱ्याच वह्यांत रेघ दुसऱ्या गणिताखालीच आली, तर दुसऱ्या दिवशी पुढचा धडा न घेता तोच भाग पुन्हा शिकवते.

तुमच्या वीस गणितांना माझा विरोध नाही, फक्त ती पहिल्याच रात्री नकोत. रीत पक्की झाल्यावर, तीन-चार दिवसांनी, दहा-बारा एकदम देते. तेव्हा तेवढ्याच वीस मिनिटांत बहुतेकांची होतात.