राखाडी नदी, पिवळा कागद

«मॅडम, मेणवलीच्या घाटाचं ते जलरंगचित्र मी वर्गात प्रत्यक्ष पाहिलंय. नदी चांगली निळी आहे, तुम्ही ‘मळकट राखाडी’ लिहिलंत. मोबाइलच्या फोटोवरून रंगलेपनावर एवढं बोलायचं म्हणजे जरा अतीच नाही का?»

एका मुलाने काढलेल्या या चित्राचा मोबाइलवरचा फोटो बघूनच मी त्याच्यावर टीका लिहिली होती. नदीची चूक माझी, कबूल. तुमचं वाचून फोटो पुन्हा उघडला आणि सर्वांत आधी बघायला हवी होती ती जागा आत्ता बघितली: चित्राभोवतीची कोरी पट्टी. कागद पांढरा, पण फोटोत ती पट्टी सायीसारखी पिवळसर आलीय. म्हणजे फोटो घरातल्या पिवळ्या दिव्याखाली काढलेला. त्या उजेडात निळा विझतो, राखाडीकडे झुकतो आणि गडदही दिसतो. तेव्हा ‘नदी आणि पायऱ्या सारख्याच गडद, म्हणून पाण्याची कड सुटत नाही’ हे वाक्यही तूर्त मागे घेते.

रचनेचं तसं नाही. दिवा कुठलाही असो, देऊळ साधारण मध्यावर आहे आणि पायऱ्यांच्या रेषा उजवीकडच्या खालच्या कोपऱ्याकडे धावतात. नजर देवळावर टेकते न टेकते तोच घसरून चित्राबाहेर जाते. त्याच कोपऱ्यातली होडी अर्धी कापल्याबद्दल मी मुलाला बोलले होते, पण आता दिसतंय की कोरी पट्टी तीनच बाजूंना आहे, उजवीकडे नाही. होडी फोटो काढणाऱ्यानेच कापली असणार! ती आडवी आणि पूर्ण असेल, तर घसरणारी नजर तिथे अडेल आणि माझा मोठा आक्षेप बराचसा गळून पडेल. देऊळ कललंय, हा आक्षेपही सोडून देते. कागदाची डावी कडसुद्धा तेवढीच कललीय, मोबाइल तिरका धरला होता.

आकाशातला डाग जास्त पाण्याने पडलाय, यावरून मात्र मागे हटत नाही. तो फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा आहे, मध्ये फिका आणि सभोवार गडद, दातेरी कड. कागदाला सुरकुती असती तर एका बाजूला उजेड आणि दुसऱ्या बाजूला सावली पडली असती. इथे कड चहूबाजूंनी गडद आहे. वॉश, म्हणजे रंगाचा पातळ थर, अर्धवट वाळलेला असताना त्यात जास्त पाण्याचा ब्रश टेकला की ते पाणी रंग बाहेर ढकलतं आणि रंग कडेला साचतो. हे फोटोतही लपत नाही. ढग करायला गेला आणि हात दोन मिनिटं उशिरा पोचला, असा माझा अंदाज.

पायऱ्यांवरच्या खरखरीत, कोरड्या फटकाऱ्यांचं मी केलेलं कौतुक जरा घाईचं होतं. मोबाइल कडा आपणहून तीक्ष्ण करतो, त्यामुळे साध्या वॉशमध्येही कागदाचा पोत उठून दिसू शकतो. जमल्यास चित्र दिवसा खिडकीशेजारी, उजेड एका बाजूने येईल असं ठेवून पायऱ्यांचा जवळून एक फोटो पाठवा. दुसरा समोरून, मोबाइल सरळ धरून, चारही कडा दिसतील असा. आणि होडीचं तेवढं आजच कळवा, म्हणजे मुलाला सांगता येईल.