फुकटचा बोनस आणि तुझं पहिलं डिपॉझिट

परवा फोनवर तू म्हणालास, "अरे, मी कंपनीच्याच पैशांवर खेळतोय, माझ्या खिशातून काय जातंय?" तेव्हा मी गप्प राहिलो. तू पाठवलेल्या बेटिंग ॲपच्या स्क्रीनशॉटमधल्या अटी वाचल्याशिवाय मला बोलायचं नव्हतं. काल रात्री त्या शेवटपर्यंत वाचल्या आणि कागदावर हिशेब मांडला. तुझं नाव न घेता इथे लिहितोय, कारण आपल्या बॅचमधल्या आणखी दोघांनी अशीच ऑफर घेतल्याचं मला कळलंय.

ऑफरची ओळ अशी होती: पहिल्या डिपॉझिटवर १००% बोनस, कमाल १०००. मला सांग, खातं उघडताना तू किती टाकणार होतास? तूच म्हणाला होतास, २०० टाकून बघू. टाकलेस किती? १०००. का? तर २०० टाकले असते तर बोनसही २००च मिळाला असता आणि उरलेले ८०० 'वाया गेले' असते. बघ, अजून एकही बेट लागलेली नाही आणि तुझ्या डोक्यातला आकडा पाचपट झाला. ऑफरचं अर्धं काम तिथेच संपलं. त्या 'कमाल'चा अर्थ आपण 'कंपनी यापेक्षा जास्त देणार नाही' असा लावतो. प्रत्यक्षात तुझ्याकडून किती यावेत, हे तो आकडा सांगत असतो.

आता मुख्य अट. रोलओव्हर १० पट, डिपॉझिट आणि बोनस दोन्हींवर, मुदत ७ दिवस. म्हणजे १००० अधिक १०००, गुणिले १०. पैसे काढायच्या आधी तुला एकूण २०,००० च्या बेट्स लावायच्या आहेत. दर बेट २०० ची धरली तर १०० बेट्स होतात. सात दिवसांत १०० म्हणजे रोज चौदा. ऑफरच्या आधी तू आठवड्यात एखाद्या सामन्यावर लावायचास. रोज चौदा वेळा लावण्याची सवय तुला त्या एका अटीने लावली, हे मला सगळ्यात जास्त टोचतंय.

या २०,००० मागे कंपनीला काय मिळतं, ते बघ. दोन्ही बाजू बरोबरीच्या असल्या की दोन्हीकडे ऑड्स साधारण १.९१ असतात. दोन्हीकडे शंभर-शंभर लागले, तर कंपनीकडे २०० येतात आणि जिंकणाऱ्याला १९१ जातात. उरलेले ९ म्हणजे लागलेल्या पैशाचे ४.५%. कोणीही जिंको, एवढं कंपनीच्या बाजूला झुकलेलं असतंच. २०,००० वर ४.५% म्हणजे ९००. बोनस १००० चा, त्यातले सरासरी ९०० फिरवता फिरवता परत गेले.

तू म्हणशील, तरी १०० उरले की! खरं आहे, आणि मी ते लपवणार नाही. कंपनीचा कट एवढा कमी असताना, शांतपणे, सारख्या रकमेने शंभर बेट्स लावल्या तर कागदावर हिशेब थोडासा तुझ्या बाजूने जातो. पण ती सरासरी आहे. २००० घेऊन २०० च्या बेट्स लावणाऱ्या दहा जणांपैकी चारेक जणांचं खातं शंभर बेट्स पुऱ्या व्हायच्या आतच शून्यावर येतं. आणि ज्याचं खातं शून्यावर येतं, त्याचे स्वतःचे १००० गेलेले असतात. बोनस तर त्याचा झालेलाच नव्हता.

शिवाय तू साध्या बेट्स लावल्याच नाहीस. ॲपने पुढे केलेल्या तीन सामन्यांच्या कॉम्बो लावल्यास, म्हणजे तिन्ही अंदाज बरोबर आले तरच पैसे. कॉम्बोत प्रत्येक सामन्याचा कट एकावर एक चढतो. तीन वेळा ४.५% कापलं की शंभरातले सुमारे ८७ उरतात, म्हणजे कट जवळजवळ १३%. २०,००० वर तो २५०० च्या वर जातो, आणि तुझ्या खात्यात बोनस धरून २००० आहेत. रोलओव्हर पुरा होणं तिथे दुर्मीळ. एखादी मोठी कॉम्बो लागली तरच.

तुझ्या दुसऱ्या स्क्रीनशॉटमध्ये हिरवी पट्टी होती, 'रोलओव्हर ३४% पूर्ण'. खाली शिल्लक ६१०. त्या क्षणी तुला ६१० काढता आले असते का? अटीत लिहिलंय की मध्येच विथड्रॉवल टाकलं तर बोनस आणि त्यावर जिंकलेलं सगळं रद्द. म्हणून तू काढले नाहीस. दोन दिवसांनी शिल्लक संपली, पट्टी ५०% च्या पुढे अडकली आणि लगेच मेसेज आला: आज डिपॉझिट केल्यास ५०% बोनस. तू ५०० टाकलेस. या ५०० ला तू अजूनही 'कंपनीचे पैसे' म्हणतोस का?

कंपनी स्वतःच्या खर्चाने लावू देते त्या फ्री बेटचंही थोडक्यात सांगतो. ५०० ची फ्री बेट १.९१ वर लागली तर साधारणपणे ९५५ मिळत नाहीत, ४५५ मिळतात, कारण लावलेली रक्कम परत येत नाही. निम्म्या वेळा ती हरणार, म्हणजे तिची खरी किंमत सव्वादोनशेच्या आसपास. जाहिरातीत मात्र ५०० लिहितात. ऑड्स लांबचे, म्हणजे लागायची शक्यता कमी पण रक्कम मोठी असे घेतले तर फ्री बेटची किंमत वाढते, त्यामुळे माणूस आपोआप लांबच्या बेट्सकडे वळतो. फ्री बेट संपली तरी ती आवड उरते, आणि पुढे ती स्वतःच्या पैशांवर भागवली जाते.

ज्याने तुला खातं उघडायला कोड दिला, त्याचाही विचार कर. या धंद्यात कोड देणाऱ्याला नुसत्या नोंदणीचे पैसे सहसा मिळत नाहीत. पहिलं डिपॉझिट झालं की ठरलेली रक्कम मिळते, किंवा तू पुढे जे हरशील त्यात त्याचा वाटा असतो. कंपनीही बोनस गिऱ्हाईक मिळवण्याच्या खर्चात धरते. तुझं पहिलं डिपॉझिट ती विकत घेते आणि वसुली दुसऱ्या, पाचव्या, दहाव्या डिपॉझिटमधून करते. हिशेब करून फक्त ऑफरपुरतं खेळणारे लोक असतात. त्यांना बऱ्याच कंपन्या ओळखतात आणि ऑफर्स बंद करतात किंवा बेटची मर्यादा अगदी खाली आणतात. ऑफर खरंच बक्षीस असती, तर ती नीट वापरणाऱ्याला बाहेर कशाला काढलं असतं?

हे माझ्या एकट्याच्या डोक्यातलं नाही. ऑस्ट्रेलियात २०१९ पासून नवं खातं उघडायला आमिष दाखवण्यावर बंदी आहे. ब्रिटनच्या गॅम्बलिंग कमिशनने मार्च २०२५ मध्ये रोलओव्हर जास्तीत जास्त १० पटींवर आणायचं जाहीर केलं. तिथे त्याआधी ३०-४० पटींच्या अटीही चालायच्या. तुझ्या ऑफरची अट १० पट आहे, पण ती बोनसवर नाही, दोन्हींवर आहे. बोनसच्या हिशेबात ती २० पट होते. हा फरक अटींच्या एकाच ओळीत असतो आणि तीच ओळ नजरेतून सुटते.

आता एक कर. ॲपमधली 'जिंकलेले' ही यादी बघू नकोस. बँकेचं स्टेटमेंट काढ. त्या कंपनीकडे गेलेली प्रत्येक रक्कम एका बाजूला लिही, परत आलेली दुसऱ्या बाजूला. प्रत्येक डिपॉझिटसमोर त्या दिवशी कुठली ऑफर आली होती तेही लिही, मेसेज अजून फोनमध्ये असतीलच. उद्या रात्री नऊला फोन करतो, कागद समोर ठेवून बस. आकडा कितीही मोठा निघाला तरी मला सांग, मी एका शब्दाने ओरडणार नाही. आणि तोवर मेसेज आला की आज रात्री १२ पर्यंतच ऑफर आहे, तर १२ वाजू दे.