पीएफए म्हणा आणि मोकळे व्हा

मंडळी, बसा. चहा येईपर्यंत मला पाच मिनिटं दिली आहेत. विषय असा की बँकेला किंवा ऑडिटरला ‘पीएफए’, म्हणजे ‘प्लीज फाइंड अटॅच्ड’, लिहून एक्सेल शीट पाठवण्याआधी कोणत्या पाच गोष्टी तपासायच्या. पंधरा वर्षं साकीनाक्याच्या गाळ्यात अकाउंट्स सांभाळल्यावर माझं प्रामाणिक मत असं बनलंय की एकही तपासू नये. तपासलं की चूक सापडते, चूक सापडली की दुरुस्त करावी लागते, आणि दुरुस्त करेपर्यंत फास्ट लोकल निघून जाते. तरी साहेबांनी विषय दिलाय म्हणून प्रत्येक तपासणी कशी टाळायची ते सांगतो.

उदाहरणाला आपलंच सप्टेंबरचं येणेदारांचं स्टेटमेंट घेऊ, म्हणजे कॅश क्रेडिटवर ड्रॉइंग पॉवर काढायला बँक दर महिन्याला मागते ते. आपल्या सँक्शन लेटरमध्ये नियम साधा आहे. नव्वद दिवसांच्या आतलं येणं धरायचं, त्यातून चाळीस टक्के मार्जिन वजा करायचं, उरेल तेवढी ड्रॉइंग पॉवर, म्हणजे खात्यातून तेवढेच पैसे उचलता येतात. नव्वद दिवसांवरचं येणं बँकेच्या लेखी नाहीच.

तर पहिली तपासणी, तारखांची. ही टाळायला सगळ्यात सोपी, कारण तारखा दिसायला सुंदर असतात. बिलिंग सॉफ्टवेअरमधून सीएसव्ही काढा आणि तिच्यावर डबल-क्लिक करा. नवा लॅपटॉप अमेरिकन सेटिंगवर आलाय, ते बदलू नका. बदलायला विंडोजच्या `Region` मध्ये जाऊन `English (India)` निवडावं लागतं, दोन मिनिटं जातात.

आता गंमत बघा. आठ मेचं बिल फाइलमध्ये `08/05/2025` असं आहे. अमेरिकन एक्सेल ते पाच ऑगस्ट समजतो. तीस सप्टेंबरला खऱ्या हिशेबाने हे बिल १४५ दिवस जुनं, म्हणजे बादच. शीटमध्ये मात्र ५६ दिवसांचं, एकदम ताजं. बिल अठरा लाखांचं. दुसरं बिल अठ्ठावीस एप्रिलचं, बारा लाखांचं. अठ्ठाविसावा महिना अमेरिकेतही नसल्यामुळे एक्सेल त्याला तारीखच मानत नाही, नुसती अक्षरं म्हणून ठेवून देतो. वय काढायला गेलं की `#VALUE!` येतो. पण आपल्या आधीच्या माणसाला लाल-हिरवं काही बघवायचं नाही, म्हणून त्याने सूत्र असं लिहून ठेवलंय:

```
=IFERROR($B$1-D5,0)
```

चूक आली तर शून्य. म्हणजे १५५ दिवसांचं बिल शून्य दिवसांचं झालं, आजच सकाळी फाडल्यासारखं. मी त्या माणसाला कधी भेटलो नाही, पण त्याच्या शांत झोपेचा मला हेवा वाटतो.

शीटने नव्वद दिवसांच्या आतलं येणं एक कोटी चाळीस लाख दाखवलं. त्यातले तीस लाख या दोन बिलांचे. खरा आकडा एक कोटी दहा लाख. चाळीस टक्के मार्जिन काढलं की शीटप्रमाणे ८४ लाखांची ड्रॉइंग पॉवर आणि खरी ६६ लाखांची. दोन तारखांनी अठरा लाख कमावून दिले, एवढं तर आपला मार्केटिंगवाला दिवाळीतही करत नाही.

आणि सगळ्यात छान भाग म्हणजे एकूण बेरीज टॅलीशी पैशापैशाने जुळते. रक्कम कुठे हललीच नाही, फक्त एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात गेली. त्यामुळे “बॅलन्स टॅली झाला का?” असं साहेबांनी विचारलं की छातीठोकपणे हो म्हणायचं.

ज्यांना उगाच खात्री करायची हौस आहे, त्यांनी तारखांचा कॉलम रुंद करून बघावा. खऱ्या तारखा उजवीकडे चिकटतात, अक्षरं झालेल्या डावीकडे. अर्थात कोणी आधीच सेंटर अलाइन मारलं असेल तर तेही कळत नाही, म्हणून सेंटर अलाइन मारायला विसरू नका. शिवाय दोन सूत्रं आहेत, चुकूनही टाकू नका:

```
=COUNTA(D5:D216)-COUNT(D5:D216)
=MAX(D5:D216)
```

पहिल्याचं उत्तर शून्य यायला हवं. जितकं येईल तितक्या तारखा अक्षरं झाल्यात. दुसऱ्याचं उत्तर स्टेटमेंटच्या तारखेच्या पुढे जाता कामा नये. आपल्याकडे ते नऊ डिसेंबर आलं. बारा सप्टेंबरचं बिल होतं. आणि चुकीचं निघालंच, तर ते दोन सेल हाताने सुधारून भागत नाही. बारा तारखेपर्यंतच्या बाकी तारखाही गुपचूप उलटलेल्या असतात, आणि दिसायला त्या अगदी खऱ्या वाटतात. सेटिंग बदलून मूळ सीएसव्ही पुन्हा उघडावी लागते. म्हणजे पुन्हा सगळं. बघा, मी म्हटलं होतं ना.

दुसरी तपासणी लपवलेल्या गोष्टींची. इथे आपला जुना पिव्होट टेबल कामी येतो. मागच्या वर्षी बँकेने खर्चाचा गोषवारा मागितला होता. आम्ही पिव्होट केला, सॅलरी या शीर्षाखाली एकच आकडा दिसत होता, मूळ पगाराचं शीट डिलीट केलं आणि फाइल पाठवली. बँकेच्या मॅडमनी त्या आकड्यावर सहज डबल-क्लिक केलं. नवं शीट उघडलं आणि त्यात एकेका माणसाचा पगार, नावासकट, ओळीने हजर. पिव्होट आपल्या पोटात सगळ्या मूळ ओळींची नक्कल ठेवतो, शीट डिलीट केलं तरी ती जात नाही. मॅडमचा फोन आला, अगदी सौजन्याने विचारलं, “तुमचे हे जे पर्चेस कन्सल्टंट आहेत, ते दर महिन्याला नेमकं काय काम करतात?” ते साहेबांचे मेहुणे. मी म्हटलं, सल्ला देतात.

म्हणून ज्याला असले फोन नको असतील त्याने पाठवायचा भाग कॉपी करून कोऱ्या वर्कबुकमध्ये `Paste Values` करावा. शिवाय `File`, `Info`, `Check for Issues`, `Inspect Document` असा एक रस्ता आहे, त्यात लपवलेली शीट्स, लपवलेल्या ओळी, कोणीतरी लिहिलेल्या कॉमेंट्स सगळं सापडतं. “या पार्टीचे पैसे येणार नाहीत, बँकेला सांगू नका” ही कॉमेंट आम्हाला तिथेच सापडली असती. फक्त ऑडिटरला नुसत्या व्हॅल्यूज दिल्यात तर तो सूत्रं मागणारच, त्याला ती बघायचीच असतात. त्याची प्रत वेगळी ठेवायची म्हणजे पुन्हा काम, सोडून द्या. आणि शीटला पासवर्ड लावला म्हणजे कॉलम सुरक्षित, असं मानणाऱ्यांचा विश्वास मला मोडवत नाही.

तिसरी, बेरीज. खाली नवी बिलं टाकली आणि `SUM` जुन्याच ओळीपर्यंत थांबला, हे सगळ्यांना माहीत आहे, सगळे करतात. पुढे जाऊ.

चौथी तपासणी लिंक्सची. दुसऱ्या फाइलमधून ओढलेला आकडा बँकेच्या मशीनवर शेवटचा सेव्ह केलेला दिसतो, तिथे तो अपडेट होत नाही. तेवढ्याने काही बिघडत नाही. पण त्या सेलवर क्लिक केलं की वरच्या पट्टीत पूर्ण पत्ता वाचता येतो. आमचा असा होता:

```
='D:\Accounts\BankSathi_Vegla\[Stock_Sept.xlsx]Sheet1'!F41
```

फोल्डरचं नाव मराठीत असल्यामुळे कोणाला कळणार नाही, असं आमचं धोरण होतं. शाखेतले अधिकारी सातारचे निघाले. `Data` टॅबमध्ये `Edit Links`, नव्या एक्सेलमध्ये `Workbook Links`, दाबलं की सगळ्या लिंक्स एका यादीत दिसतात, `Break Link` ने सूत्राच्या जागी आकडा बसतो. पण मग फोल्डरला एवढं अर्थपूर्ण नाव देण्यात मजा काय राहिली?

पाचवी आणि शेवटची, पाठवलेलं स्टेटमेंट आणि पुस्तकं यांचा मेळ. स्टेटमेंट दहा ऑक्टोबरला गेलं. चौदाला तीन लाखांचा माल परत आला, आणि आपण क्रेडिट नोट एकोणतीस सप्टेंबरच्या तारखेने टाकली, कारण पार्टीने तसं सांगितलं. आता पुस्तकात येणं तीन लाखांनी कमी, बँकेकडे जुनाच आकडा. पूर्वी हे दोन कागद आयुष्यात कधी एकमेकांना भेटत नसत. पण १ एप्रिल २०२१ पासून कंपनी कायद्याच्या शेड्यूल तीनमध्ये एक रकाना आलाय. चालू मालमत्ता तारण ठेवून बँकेकडून कर्ज घेतलेल्या कंपनीने तिमाहीला दिलेली स्टेटमेंट्स पुस्तकांशी जुळतात का ते ताळेबंदात सांगायचं, जुळत नसतील तर फरक कारणासह दाखवायचा. सप्टेंबर म्हणजे तिमाहीचाच शेवट. बँकेने मंजूर केलेली खेळत्या भांडवलाची मर्यादा पाच कोटींच्या वर असेल आणि कंपनीला ऑडिट अहवालाबद्दलचा आदेश, सीएआरओ २०२०, लागू असेल, तर ऑडिटरलाही आपल्या अहवालात यावर लिहावं लागतं.

यावर उपाय कंटाळवाणा आहे. पाठवलेली फाइल जशीच्या तशी तारखेच्या नावाने वेगळी ठेवायची, त्याच दिवशीचा ट्रायल बॅलन्स पीडीएफ करून तिच्या शेजारी ठेवायचा, आणि मागून मागच्या तारखेची नोंद पडलीच तर सुधारित स्टेटमेंट पत्रासह बँकेला द्यायचं. आम्ही त्याऐवजी `Final`, `Final2` आणि `Final_khara` या तीन फाइल्स ठेवल्या आहेत. त्यांपैकी बँकेकडे कोणती गेली हे फक्त बँकेला माहीत आहे.

चहा आला वाटतं. एवढंच सांगतो, परवा ऑडिटरकडची आर्टिकलची मुलगी आली होती, एकवीस-बावीस वर्षांची, कानात हेडफोन. शीट उघडलं, तारखांच्या कॉलमला सॉर्ट मारला आणि शेवटच्या ओळींवर बोट ठेवून म्हणाली, “काका, स्टेटमेंट तीस सप्टेंबरचं आहे ना? मग हे बिल सात ऑक्टोबरचं कसं? वय उणे सात दिवस आलंय.”

दहा जुलैचं बिल होतं ते. मी चष्मा पुसला आणि म्हटलं, “आगाऊ आहे.”

ती म्हणाली, “बिल की...?” आणि वाक्य अर्धं सोडून पुढची ओळ बघायला लागली.